सोलापूरची संध्याकाळ, काळा दगड आणि गोल पायऱ्या

(आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

हा जो रेंडर स्क्रीनवर लावलाय तो खुल्या रंगमंचाचा आहे, समोर स्टेज, त्याच्याभोवती गोलाकार दगडी पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या खालून येणारा उबदार पिवळा उजेड. असं चित्र दाखवलं की कॉलनीतले लोक लगेच हो म्हणतात, मीटिंग तिथंच संपते. म्हणूनच मी नेहमी म्हणतो की या चित्रातली संध्याकाळ सोलापूरचीच पाहिजे, आणि त्यातला दगड पाथरवटाला घडवता आला पाहिजे. नाहीतर लोकांनी जे बघून हो म्हटलं ते त्यांना कधी मिळतच नाही, आणि ते बरोबर नाही.

आपण एकच केस धरू या. सगळ्यात खालच्या पायरीची त्रिज्या 10 मीटर, 120 अंशांचा कंस, एकूण सात पायऱ्या, प्रत्येक 45 सेंटिमीटर उंच आणि 90 सेंटिमीटर रुंद. बसायला 45 बरोबर, आणि मागच्याचे पाय पुढच्याच्या पाठीला लागू नयेत म्हणून 90.

आता आधी सूर्य. बहुतेक जण मावळता सूर्य बरोबर स्टेजच्या मागे ठेवतात कारण फ्रेम भारी दिसते. पण मग प्रेक्षक पश्चिमेकडे तोंड करून बसणार, आणि सहाला कार्यक्रम सुरू झाला की सगळे डोळ्यांवर हात धरून बघणार. उलटं केलं तर तेच कलाकाराच्या नशिबी. म्हणून स्टेज उत्तरेला घ्यायचं, प्रेक्षक दक्षिणेला. तरी काम संपत नाही बरं का. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या साधारण 25 अंश उत्तरेला मावळतो, सातच्या आसपास, आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला, सहाच्या आधी. आपला कंस 120 अंशांचा, म्हणजे पूर्वेच्या टोकाला बसलेला माणूस उत्तरेकडे बघतच नाही, तो पश्चिमेच्या 30 अंश उत्तरेला बघतो, म्हणजे मे-जूनचा सूर्य जवळजवळ थेट डोळ्यात. स्टेज दक्षिणेला नेलं असतं तर हाच त्रास डिसेंबर-जानेवारीत झाला असता, आणि आपल्याकडे उघड्यावरचे कार्यक्रम त्याच दिवसांत जास्त, उन्हाळ्यात तसंही कोण दिवस मावळायच्या आत काळ्या दगडावर बसतंय, तो दिवसभर तापलेला असतो. म्हणून स्टेज उत्तरेलाच, आणि त्याच्या पश्चिमेच्या बाजूला दोन-तीन कडुनिंब. हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये चेक होतं, अक्षांश 17.66 आणि रेखांश 75.91 टाका, तारीख टाका आणि त्या टोकाच्या सीटवर कॅमेरा ठेवून बघा.

रेंडरची वेळ कुठली घ्यायची? सूर्य मावळल्यावर साधारण 15 मिनिटांची. त्या वेळी सूर्य क्षितिजाखाली चारेक अंशांवर गेलेला असतो आणि आकाशाचा जमिनीवर पडणारा उजेड वीसेक लक्सपर्यंत उतरलेला असतो. पायऱ्यांवर चालायला दिव्यांचा उजेडही तेवढाच पुरतो. दोन्ही सारखे झाले की आकाशाचा निळा पण दिसतो आणि दिव्याचा पिवळा पण. त्याच्या आधी दिवे लावून दाखवले तर ते उठतच नाहीत, मग लोक दिव्याची पॉवर दहापट वाढवतात, आणि ते चित्र खोटं होतं कारण तेवढा दिवा साइटवर कोणी लावणारच नाही. व्हाइट बॅलन्स 4500 केल्व्हिनच्या आसपास ठेवा. दिवे 3000 केल्व्हिनचे असले आणि बॅलन्स पण 3000 ठेवला तर दिवे पांढरे होतात, 6500 ठेवला तर सगळी पायरी नारिंगी होते, आणि मग लोक विचारतात हा दगड कुठला.

दगडाचंच खरं महत्त्वाचं आहे. इंटरनेटवरचे जे रेफरन्स तुम्ही घेता त्यात बहुतेक वेळा फिकट वालुकाश्म असतो, तो दिव्यात सोन्यासारखा दिसतो. आपल्याकडे काय आहे? काळा दगड, भुईकोट किल्ल्यात बघा की, आणि शेजारून कर्नाटकातून येणारी शहाबादी फरशी. काळा दगड पडलेल्या उजेडाचा जेमतेम दहावा हिस्सा परत देतो. सात पायऱ्या पूर्ण काळ्या केल्या आणि दिवे प्रामाणिक ठेवले तर रेंडरमध्ये नुसत्या पिवळ्या रेघा दिसतात, पायरी दिसतच नाही. तेव्हा दिवा वाढवू नका, दगड बदला. पायरीची उभी बाजू काळ्या दगडाची टाकी मारलेली ठेवा आणि वरची बसायची बाजू शहाबादीची. वरच्या पायरीच्या कडेखालचा दिवा खाली शहाबादीवर पडतो, तिथून उजेड उलटून वर येतो, आणि उभ्या काळ्या दगडावरचे टाकीचे घाव एकेक करून दिसायला लागतात. पायरीची कडही अंधारात ओळखू येते, वयस्कर माणसांसाठी ते फार गरजेचं आहे.

आता गोलाई. मॉडेलमध्ये कंस काढला, वर दगडाचं टेक्स्चर ओढलं, झालं, असं करता तुम्ही. झूम करून बघा, सांधे सगळे एकमेकांना समांतर आहेत. गोल पायरीत सांधे केंद्राकडे जायला पाहिजेत. खालच्या पायरीत पुढच्या कडेला 60 सेंटिमीटरचा दगड घेतला तर 90 मागे, 10.9 मीटर त्रिज्येवर, तोच दगड साधारण 65.4 सेंटिमीटर लागतो. म्हणजे चौकोनी लादी लावली की प्रत्येक सांध्याला मागे पाच सेंटिमीटरहून जास्त फट, आणि ती सिमेंटने भरली की दोन पावसाळ्यांत उखडायला लागते. सातव्या पायरीला, जिथं पुढची त्रिज्या 15.4 आहे, तीच फट साडेतीन सेंटिमीटर होते. म्हणजे प्रत्येक पायरीचा साचा वेगळा, सात पायऱ्यांचे सात साचे. पाथरवटाला हे आधी कळलं तर तो पत्र्याचे फर्मे कापून आरामात करतो, रेट मात्र त्याप्रमाणे सांगतो, आणि तो रेट इस्टिमेटमध्ये पाहिजे. दगडाची पुढची कड सरळच राहू द्या, 60 सेंटिमीटरच्या दगडात कंसाचा फुगवटा साडेचार मिलिमीटरच येतो, डोळ्याला गोलच वाटतं. मॉडेलमध्ये पण दगड एकेक सुटा करा, मग कडेखालचा उजेड त्या बारीक कोनांवर थोडा थोडा बदलतो आणि चित्र एकदम खरं वाटतं.

अजून एक राहिलं, चढायचा रस्ता. 45 सेंटिमीटरची पायरी आजी चढू शकत नाही. सुदैवाने आपले आकडे सरळ भागतात, एका मोठ्या पायरीत 15 उंच आणि 30 रुंद अशा तीन छोट्या पायऱ्या बसतात. दोन टोकांना आणि मध्ये एक असे तीन रस्ते द्या, आणि ते रेंडरमध्ये दाखवा, कितीही वाटलं की गोल रेघ तुटते तरी.

आणि शेवटी कॅमेरा स्टेजवर नेऊन एक व्ह्यू काढा, कोणी मागत नाही तरी काढा. सगळे व्ह्यू वरच्या पायरीवरून खाली बघणारे असतात, तिथून एलईडी पट्टी कडेखाली लपते. स्टेज 60 सेंटिमीटर उंच धरलं तर उभ्या कलाकाराची नजर सव्वादोन मीटरच्या आसपास येते, म्हणजे वरच्या दोन-तीन पायऱ्यांच्या पट्ट्या त्याच्या नजरेच्या रेषेत किंवा वर, आणि त्या थेट दिसतात, अख्खा कार्यक्रमभर चकाकत राहतात. दगडाच्या कडेचा ओठ पट्टीच्या खाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उतरवला आणि पट्टीवर दुधी कव्हर टाकलं की चकाकी जाते. तो ओठ पाथरवटाला फर्म्यासोबतच सांगायचा, दगड बसल्यावर तो काढता येत नाही.