बेरजेआधीचे तीन आकडे

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या केस पेपरवर शुद्धीची मोजणी म्हणून ‘जीसीएस 10’ एवढंच लिहून ड्युटी बदलणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. आज तो काढून घेतो. हसताय ते कोण, हे मला दिसतंय.

1974 साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी ही मोजणी मांडली. डोळे उघडण्याला 4 पर्यंत गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6. हे तुम्हाला पाठ आहे. आता दोन रुग्ण घ्या. एकाची वाचा पक्षाघाताने गेली आहे. डोळे टक्क उघडे, तोंडातून आवाज नाही, सांगितलेलं कळत नाही, पण चिमटा काढला की हात तिथे नेतो: 4, 1, 5. दुसरा दुचाकीवरून पडलेला तरुण, उजव्या कानशिलावर मार. डोळे चिमट्यालाच उघडतो, असंबद्ध शब्द फेकतो, हात दुखऱ्या जागी नेतो: 2, 3, 5. दोघांचेही 10! हा तरुण आला तेव्हा 4, 4, 6 होता, म्हणजे 14. नुसत्या 10 मधून नेमकं काय ढासळलं ते कळतच नाही.

हालचाल तपासताना घाई नको. ‘माझा हात दाबा’ म्हटलं आणि त्याने दाबला, यावर 6 देऊ नका. तळहाताला काही लागलं की मूठ आपोआपही वळते. दाबायला सांगा, मग सोडायला सांगा. सोडला तर खरं. ऐकत नसेल तर खांद्याजवळचा स्नायू चिमटीत धरा आणि जोर हळूहळू वाढवा. हात गळपट्टीच्या हाडावर येऊन तुमच्या बोटांकडे गेला तर 5. कोपरात नुसता दुमडून मागे घेतला तर 4. दोन्ही हात वेगळे वागले तर गुण चांगल्या हाताचे, पण कमजोर हाताची नोंद वेगळी करा. छाती चोळून काळीनिळी करणारे महाभाग आहेत, त्यांच्यावर वेगळं व्याख्यान लागेल.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. डोळ्यांच्या बाहुल्यांबद्दल सांगायचं वचन दिलं होतं, म्हणून भरभर सांगतो. टॉर्च लावण्याआधी दोन्हींचा आकार मिलिमीटरमध्ये लिहा. मग प्रकाश बाजूने आणा आणि आकसण्याचा वेग पाहा. आपल्या तरुणाची उजवी बाहुली आधी 3 होती, आता 5 आहे आणि मंद आकसते. डावा हात ढिला पडतोय. उजवीकडे कवटीखाली रक्त साठून मेंदू खाली सरकला की तिसरी मज्जातंतू चेपते, म्हणून बाहुली मार लागलेल्या बाजूची आणि कमजोरी समोरच्या बाजूची. आता ताबडतोब सर्जनला फोन, श्वासमार्ग सांभाळणं आणि सीटी. पुढच्या तासाच्या नोंदीची वाट बघायची नाही.

उलटंही होतं. रुग्ण पूर्ण शुद्धीत आहे, बोलतोय आणि एक बाहुली मोठी आहे, तर डोळ्यालाच मार लागलाय का, थेंब घातलेत का, जुनी शस्त्रक्रिया आहे का, हे विचारा. मात्र शुद्ध उतरत असताना तेवढ्यावर समाधान मानून सीटी टाळू नका. प्रश्न बाहेर व्हरांड्यात विचारा, सभागृह रिकामं करायचंय.