बुडबुडा दिसला नाही तर

आज एकच प्रश्न घेऊ. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने मला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. ओळीने तीन जे-के फ्लिप-फ्लॉप, सगळ्यांचे J आणि K एकला जोडलेले. पहिल्याला बाहेरून क्लॉक, पहिल्याचा Q0 दुसऱ्याच्या क्लॉकला, दुसऱ्याचा Q1 तिसऱ्याच्या. सुरुवात 000, पाच पल्सनंतर काय? तिने 101 लिहिलं होतं. छापील उत्तरसूचीत 011.

आधी मलाही तिचंच बरोबर वाटलं, कारण असा काउंटर पाहिला की हात आपोआप 001, 010 असं लिहू लागतो. पण ही सवय आपल्याला लागते ती क्लॉकच्या टोकाशी असलेल्या छोट्या गोलामुळे, ज्याला आपण बबल म्हणतो. बबल असला तर फ्लिप-फ्लॉप उतरत्या कडेला पलटतो, नसला तर चढत्या. फोटोत तिथे एक करडा डाग होता. तिने तो बबल धरला.

अशा वेळी आकृतीशी झटापट करू नका, खाली दिलेली क्लॉकची लाट बघा. सुदैवाने Q0 ची पहिली उडी छापलेली होती, आणि ती क्लॉक चढताना होती. फक्त फोटो तिरका असला की उभ्या रेषा सरकतात, म्हणून पट्टी लावू नका, कडा मोजा.

आता चढती कड धरून चालू. क्रम Q2 Q1 Q0, उजवीकडचा Q0. पहिला पल्स: Q0 शून्याचा एक झाला, म्हणजे चढला. त्यामुळे Q1 पलटला आणि तोही चढला. त्यामुळे Q2 पलटला. 000 वरून थेट 111! दुसरा पल्स: Q0 उतरला. उतरणं पुढच्याला ऐकूच येत नाही, म्हणून 110. तिसऱ्याला Q0 चढला, Q1 पलटून उतरला, Q2 जागचा हलला नाही: 101. चौथ्याला फक्त Q0 उतरला: 100. पाचव्याला Q0 चढला, Q1 चढला, आणि Q2 एकाचा शून्य झाला: 011. हा काउंटर उलटा मोजतो. पुढच्याला Q ऐवजी Q̅ जोडला असता, तर हेच फ्लिप-फ्लॉप सुलटे मोजले असते.

पाचव्या पल्सजवळ जरा थांबा. कागदावर तीनही आउटपुट एकाच उभ्या रेषेवर बदलतात, पण खरे फ्लिप-फ्लॉप एकामागून एक पलटतात. म्हणून 100 नंतर क्षणभर 101, मग क्षणभर 111, आणि मग 011. हा क्षण काही नॅनोसेकंदांचा. पण तिन्ही Q एका अँड गेटला जोडून ‘सात आला की दिवा’ असं केलं असेल, तर पाचव्या पल्सला त्या गेटवर एक बारीक काटा उमटू शकतो. डोळ्याला तो दिसणार नाही, पण गेटपुढे दिव्याऐवजी दुसरा काउंटर जोडलेला असेल, तर तो एक जास्त मोजू शकतो.