शीरखुर्मा: आच कधी बंद करायची

[दृश्य: पहाटेपूर्वीचा अंधार. स्वयंपाकघरातला एकच दिवा. शेगडीवर जाड बुडाचं पातेलं, त्यात दूध.]

रमजान ईदची पहाट. नमाजाला अजून वेळ आहे, पण या घरातली शेगडी केव्हाच पेटली आहे. पातेल्यात एक लिटर म्हशीचं दूध आहे, साय न काढलेलं. शेजारी ताटलीत भिजून फुगलेली खारीक, वाटीत तूप आणि कागदावर मोकळ्या पसरलेल्या बारीक शेवया.

फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. दूध आणि खजूर, एवढंच या खिरीचं नाव. शेवयांचा त्यात उल्लेखही नाही. तरी खीर बसते ती शेवयांमुळे आणि बिघडते तीही त्यांच्यामुळेच. म्हणून आज कॅमेरा जास्त वेळ त्यांच्यावरच राहणार आहे.

[दृश्य: लाकडी चमचा दुधात उभा धरलेला. दांड्यावर सुरीने केलेल्या दोन खुणा.]

दूध उकळायच्या आधी खालांनी, म्हणजे मावशींनी, चमचा पातेल्यात उभा धरला. दूध दांड्यावरच्या वरच्या खुणेपर्यंत आलं. खालची खूण तळापासून तीन चतुर्थांश उंचीवर आहे. पातेलं सरळ उभ्या काठाचं असल्यामुळे दूध त्या खुणेवर आलं की साधारण पाऊण लिटर उरलं असं समजायचं. घड्याळापेक्षा ही खूण भरवशाची, कारण प्रत्येक शेगडीची आच वेगळी असते. मंद आचेवर, अधूनमधून ढवळत आणि कडेची साय पुन्हा दुधात सोडत इथवर यायला अर्धा तास तरी लागतो.

घाई असेल तर दूध कमी आटवून शेवया वाढवायचा मोह होतो. मी तसं केलं आहे. लिटरभर दुधात अख्खं पाकीट रिकामं केलं. पातेलं उतरवलं तेव्हा खीर सुंदर दिसत होती. पाहुणे आले तेव्हा चमचा त्यात उभा राहत होता.

[दृश्य: तळहातावर मूठभर शेवया. मग वजनकाट्यावर 50 ग्रॅम.]

असं का झालं, ते हिशोबातून लगेच लक्षात येतं. कोरडी शेवई शिजताना आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट द्रव ओढून घेते. 50 ग्रॅम शेवया पाऊण लिटर दुधातलं सुमारे 100 मिलिलिटर दूध पिऊन बसतात, आणि तरीही त्यांना मोकळं पोहायला पुरेसं दूध उरतं. 100 ग्रॅम घातल्या तर त्या दुप्पट पितात. शिवाय त्यांच्यातला स्टार्च सुटून उरलेलं दूधही चिकट होतं. वरून खारीक आपला वाटा घेते. म्हणून खालांचं प्रमाण पक्कं आहे. लिटरभर दूध आटवायचं आणि त्याला बारीक शेवया फक्त 50 ग्रॅम. कोरड्या असताना त्या मूठभरच दिसतात आणि मन म्हणतं, अजून थोड्या घालू. घालायच्या नाहीत.

[दृश्य: कढईत दोन मोठे चमचे तूप वितळतंय. चारोळी, बदामाचे काप, मग खारकेचे काप.]

तूप तापलं की आधी सुकामेवा. बदामाच्या कडा रंगल्या की तो बाहेर काढायचा. मग त्याच तुपात खारकेचे काप मिनिटभर. दहा-बारा खारका रात्री पाण्यात भिजत घातल्या होत्या. सकाळी बी काढून त्यांचे लांब, पातळ काप केले. न भिजवता घातलेली खारीक खीर तयार झाली तरी दाताखाली चामड्यासारखी लागते.

इथे खालांनी भिजवणीचं पाणी आधी नाकाशी नेलं. उकाड्यात रात्रभर राहिलेलं पाणी आंबू शकतं, आणि आंबट काहीही तापल्या दुधात गेलं की दूध फाटण्याचा धोका असतो. आज वास गोड आहे, तरी पाणी फेकलंच. खजूर जुना असेल, त्याला आंबूस वास येत असेल, तर त्या एक छोटी परीक्षा घेतात. वाटीभर गरम दुधात एक काप टाकून पाच मिनिटं थांबायचं. दूध फुटकं दिसलं नाही तरच बाकीचा खजूर पातेल्यात.

[दृश्य: रिकाम्या झालेल्या कढईत उरलेलं तूप. त्यात शेवया. अगदी जवळून.]

आता शेवया. खालांनी त्या हातानेच दोन बोटं लांबीच्या मोडल्या. आच मंद. झारा सतत फिरतोय, पण दाबून नाही, खालून उचलून. बारीक शेवई केसासारखी असते. तिचं टोक आधी रंगतं, मधला भाग मागून. आच मोठी असली तर टोकं करपतात आणि मधे पांढरंच राहतं.

पहिलं मिनिट काहीच घडत नाही. मग कच्च्या पिठाचा वास येतो. तोही जातो, आणि भाजलेल्या गव्हाचा खमंगपणा येऊ लागतो. या क्षणापासून नजर हलवायची नाही. एक शेवई उचलून पांढऱ्या ताटलीवर ठेवून पाहा. कढईत तुपामुळे रंग गडद भासतो, ताटलीवर खरा कळतो.

[ध्वनी: तुपाचा हलका चरचराट. खालांचा आवाज.]

“बेटा, हवा तेवढा रंग कढईत येऊ द्यायचा नाही. थोडा कमी असतानाच काढायच्या. गरम कढई पुढे त्यांना भाजतच राहते.”

आच बंद झाली आणि त्याच क्षणी शेवया थंड ताटात. ताटात आल्यावरही त्या किंचित गडद झाल्या, पाहिलंत? त्या कढईतच राहिल्या असत्या तर कडू झाल्या असत्या, आणि तो कडूपणा साखरेने झाकला जात नाही.

भाजण्याने चव येते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण दाटपणाचाही अर्धा निकाल इथेच लागतो. तुपाचा पातळ थर प्रत्येक काडीवर बसतो आणि दूध आत हळूहळू शिरतं. कोरड्या उष्णतेने वरच्या स्टार्चचा चिकटपणाही कमी होतो. त्यामुळे काड्या सुट्या राहतात. कच्च्या किंवा अर्धवट भाजलेल्या शेवया दुधात पडताच एकमेकींना बिलगतात आणि खिरीचा लगदा होतो. बाजारात भाजलेल्या, तांबूस शेवयाही मिळतात. त्यांना तुपात मिनिटभर गरम होण्यापुरतंच परतायचं. रंग त्यांना आधीच आलेला असतो.

[दृश्य: आटलेलं दूध. चमचा उभा. दूध खालच्या खुणेवर. खारीक दुधात पडते.]

दूध खुणेवर आलं. आधी खारीक गेली. ती मंद आचेवर दहा मिनिटं दुधात रमली की दुधाला फिकट बदामी रंग चढतो आणि तिचा गोडवा त्यात उतरतो. साखर त्यानंतर चाखूनच घालायची, ती याचसाठी.

मग शेवया, एकदम नाही, पसरून. फेस वर येतो, म्हणून आच आधीच बारीक केलेली. झारा आता फक्त बुडाशी फिरवायचा. बारीक शेवया चार-पाच मिनिटांत शिजतात. जाड असतील तर आठ-दहा मिनिटं लागतात, आणि त्या दूधही जास्त वेळ ओढत राहतात. एक शेवई दोन बोटांत दाबली आणि मधे टणक कण लागला नाही, की ती शिजली.

साखर नंतरच घालायची. आधी घातली तर शेवईला नीट फुगू देत नाही आणि ती काहीशी ताठ राहते. आज पाच मोठे चमचे साखर पुरली. साखर विरघळली की खीर एकाएकी पातळ होते. नवखी व्यक्ती इथे हमखास घाबरते आणि आणखी दहा मिनिटं उकळते. ते करू नका. दोन मिनिटं हलकी उकळी, वरून वेलची आणि तळलेला सुकामेवा, आणि आच बंद.

[दृश्य: पळीतून खीर पातेल्यात सांडते. मग एक छोटी वाटी, त्यात चमचाभर खीर.]

या वेळची खीर नीट पाहून ठेवा. पळीतून ती धारेने पडते आणि धारेत शेवया लोंबतात. खाताना जशी हवी, त्याहून ती स्पष्ट सैल आहे. खालांनी चमचाभर खीर थंड वाटीत घेतली, वाटी पाण्याच्या थाळ्यात ठेवली आणि पाच मिनिटांनी तिरकी केली. खीर हळूच सरकली, कडेला एक पातळ थर मागे राहिला. हीच ती खूण. वाटीत ती सरकलीच नसती, तर पातेल्यात आत्ताच अर्धी वाटी गरम दूध गेलं असतं.

कारण खीर उतरवल्यावरही शेवयांचं पिणं थांबत नाही, आणि थंड होताना दूधही घट्ट होत जातं. अर्ध्या तासाने ती वेगळी असते, दोन तासांनी आणखी वेगळी.

[दृश्य: दार उघडतं. बाहेर उजाडलंय. आत ताटलीत झाकलेल्या कोरड्या शेवया.]

ईदला हीच खरी अडचण असते. पाहुणे सकाळी सातलाही येतात आणि दुपारी दोनलाही, प्रत्येकाच्या वाटीत खीर मात्र सारखी हवी. म्हणून खालांनी आज दुसऱ्या पातेल्यात आणखी तेवढंच दूध आटवून त्यातही खारीक शिजवली, पण त्यात शेवया घातल्या नाहीत. त्याच्या वाट्याच्या शेवया भाजून, गार करून कोरड्या ठेवल्या आहेत. ते खारकेचं दूधही फ्रिजमध्ये वेगळं आहे. पुढची मंडळी आली की ते दूध उकळायचं, शेवया घालायच्या, आणि पंधरा मिनिटांत ताजी खीर वाटीत.

पहिल्या पातेल्यात थोडी उरलीच आणि घट्ट झाली, तर फक्त गरम करून ती पूर्ववत होत नाही. शेवयांनी प्यायलेलं दूध परत येत नसतं. थोडं गरम दूध कडेने सोडायचं, मंद आचेवर अलगद हलवायचं, आणि साखर पुन्हा चाखायची, कारण दुधाने गोडी उतरते. पाणी घातलं तर खीर सैल होते, पण शेवया एकीकडे आणि पांचट दूध दुसरीकडे.

खीर फारच पातळ वाटली तर आधी अर्धा तास काहीच करू नका. तरीही पातळ राहिली तर चमचा-दोन चमचे भाजलेल्या बदामाची पूड गरम दुधात कालवून घाला. कच्च्या शेवया वरून टाकू नका.

[दृश्य: पहिली वाटी. वर चारोळी. बाहेरून सलामचा आवाज.]

दारात पहिले पाहुणे आले आहेत. खाला पातेल्यावरचं झाकण काढतात आणि पळी बुडाशी नेऊन एकदाच फिरवतात.