नमुना कधी काढला, कुठल्या पातेल्यातून काढला?

(पुण्यातील मेसचालक, केटरर आणि कंपनी कॅन्टीनचे ठेकेदार यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी बरेच जण रोजच्या जेवणाचे नमुने ठेवता. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात छोट्या डब्या, त्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तारीख. मला त्या डब्यांबद्दलच बोलायचं आहे. जेवणातून विषबाधा झाल्याची तक्रार आली की त्या डब्या खरंच उपयोगी पडतात का? बहुतेक वेळा पडत नाहीत. नमुना असतो, पण तो कुठल्या पातेल्यातला, किती वाजता काढलेला आणि त्या पातेल्यातलं जेवण कुणाकडे गेलं, हे सांगणारा कागद नसतो.

एक उदाहरण घेऊ. प्रसंग मी समजावण्यासाठी बेतलेला आहे, पण त्यातलं शास्त्र जसंच्या तसं आहे. भोसरीतलं एक स्वयंपाकघर दोन कंपन्यांना दुपारचं जेवण पुरवतं. गुरुवारचा मेनू छोले, पोळ्या, जिराराईस, काकडीची कोशिंबीर आणि श्रीखंड. गुरुवारचा उपवास करणाऱ्यांसाठी वेगळी साबुदाण्याची खिचडी. शुक्रवारी सकाळी पहिल्या कंपनीतून फोन येतो की रात्री दहापासून आमच्या तीसेक माणसांना जुलाब होताहेत, पोटात मुरडा येतोय. दुसऱ्या कंपनीतून काहीच नाही.

पहिला संशय कुणावर जातो? श्रीखंडावर. दुधाचा पदार्थ, तोही बाहेरून आणलेला. मालक श्रीखंडवाल्याला फोन लावतो आणि तिथंच तपास भरकटतो.

आता घड्याळाकडे बघा. जेवण दुपारी एक वाजता, त्रास रात्री दहानंतर, म्हणजे नऊ-दहा तासांनी. मुरडा आणि जुलाब भरपूर, उलट्या जवळजवळ नाहीत, ताप नाही. स्टॅफिलोकोकसचं विष असतं तर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या असत्या. साल्मोनेला असता तर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही त्रास होऊ शकतो, पण सोबत बहुधा ताप असतो. या वेळेला आणि या लक्षणांना सगळ्यात जवळचा बसणारा जीवाणू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. मोठ्या भांड्यात शिजवून सावकाश थंड झालेला दाट पदार्थ ही त्याची आवडती जागा. हा अजून अंदाज आहे, निदान नाही. पण कुठे बघायचं ते त्यावरून कळतं. म्हणून फोन घेणाऱ्यानं पहिल्याच फोनवर चार गोष्टी लिहून घ्यायच्या: कुणाला, किती वाजता, काय त्रास सुरू झाला आणि त्यानं काय काय खाल्लं होतं. वाद घालायचा नाही, ‘आमचं जेवण ताजंच होतं’ असंही म्हणायचं नाही.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. आजारी नसलेल्यांनाही विचारायचं. समजा पहिल्या कंपनीत १०० जणांना विचारलं आणि त्यातले ३१ आजारी निघाले. श्रीखंड खाणारे ८० होते, त्यातले २५ आजारी. न खाणारे २० होते, त्यातले ६ आजारी. म्हणजे खाल्लं काय, न खाल्लं काय, प्रमाण तेच. छोले खाणारे ७४, त्यातले ३० आजारी. न खाणारे २६, त्यातला फक्त एक. उपवासवाल्यांनी श्रीखंड खाल्लं, खिचडी खाल्ली, छोले खाल्ले नाहीत आणि ते ठणठणीत राहिले. गुरुवारच्या उपवासानं श्रीखंडवाल्याची सुटका केली. तो एक जण कसा आजारी पडला, हा प्रश्न उरतोच. कुणी काय खाल्लं हे दुसऱ्या दिवशी नीट आठवत नाही, शिवाय एखाद्याला वेगळ्याच कारणानं त्रास झालेला असतो. अशा आकड्यांत एवढा गोंधळ धरूनच चालायचं.

पण छोले दोन्ही कंपन्यांत गेले होते. मग दुसऱ्या कंपनीत कुणी आजारी का पडलं नाही? इथं बॅचची वही लागते. चांगल्या वहीत असं सापडेल: छोले बॅच एक, बुधवारी रात्री नऊला शिजून झाले, मोठ्या पातेल्यात झाकून ठेवले, सकाळी गरम करून पहिल्या कंपनीच्या डब्यांत भरले. बॅच दोन, गुरुवारी सकाळी आठला शिजले, दुसऱ्या कंपनीला गेले. एवढ्या तीन-चार ओळींनी अर्धं कोडं सुटतं. ‘छोले, ४०० माणसं’ एवढीच नोंद असती तर काहीच सुटलं नसतं.

रात्रभर पातेल्यात काय झालं? या जीवाणूचे बीजाणू मातीतून येतात, कडधान्यांवर आणि मसाल्यांत सापडतात. उकळीनं ते मरत नाहीत. शिजताना बाकीचे जीवाणू मरतात, बीजाणू जागे होतात आणि पातेलं निवत पन्नास अंशांच्या खाली आलं की वाढायला लागतात. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास दर दहा मिनिटांत त्यांची संख्या दुप्पट होऊ शकते. उथळ परातीत पसरलेले छोले लवकर निवतात. खोल पातेल्याचा मध्यभाग मात्र कित्येक तास कोमट राहतो, वर झाकण असेल तर आणखीच. सकाळी खरोखर ढवळून, खळखळून उकळलं असतं तर वाढलेले जीवाणू मेले असते. पण कडेला बुडबुडे दिसले की आचारी गॅस बंद करतो, मधलं गरम झालंच नसतं. वहीत ‘गरम केले’ एवढंच असतं. तिथं पातेल्याच्या मध्यभागाचं तापमान हवं. साध्या खुपसायच्या थर्मामीटरनं ते कळतं.

आता नमुन्याकडे येऊ. समजा या स्वयंपाकघरात बुधवारी रात्री, छोले शिजल्या शिजल्या नमुना काढून लगेच फ्रिजमध्ये ठेवला. तपासला तर तो स्वच्छ निघेल. त्यानं पातेल्यातली रात्र पाहिलेलीच नाही. आणि त्या अहवालाच्या जोरावर सगळे पुन्हा श्रीखंडवाल्याच्या मागे लागतील. म्हणून माझा आग्रह आहे की नमुना वाढपाच्या वेळी किंवा निदान डबे भरताना काढा, आणि प्रत्येक बॅचचा वेगळा काढा. जेवणाचं जे झालं ते नमुन्याचंही झालेलं असलं पाहिजे. या उदाहरणात सव्वाअकराला डबे भरताना दोन्ही बॅचचे नमुने काढले असते, तर पहिल्यात ग्रॅमला दहा लाखांहून जास्त जीवाणू आणि दुसऱ्यात दहापेक्षा कमी, असा निकाल आला असता. ग्रॅमला एक लाखाच्या वर संख्या गेली की अशा प्रकरणात पदार्थावर बोट ठेवायला आधार मिळतो. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात याच जीवाणूचं विष सापडलं तर तो आधार पक्का होतो. म्हणून आजारी माणसांना पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडे नमुना द्यायला सांगा. नंतर सापडणं कठीण होतं.

काढायचा कसा? निर्जंतुक पिशवी किंवा उकळून कोरडी केलेली रुंद तोंडाची बरणी, आणि दर पदार्थाला वेगळा, तसाच उकळलेला चमचा. पदार्थ साधारण २०० ग्रॅम. चमचाभर ठेवून उपयोग नाही, कारण साल्मोनेलाच्या एकाच चाचणीला २५ ग्रॅम लागतात, इतर चाचण्यांना वेगळा भाग लागतो आणि थोडा फेरतपासणीला उरायला हवा. पदार्थ हातानं उचलायचा नाही. लेबलवर पदार्थ, बॅच, तारीख, वेळ, तापमान, काढणाऱ्याचं नाव. लेबल झाकणावर नको, बरणीवर लावा. झाकणं बदलली जातात.

ठेवायचा शून्य ते पाच अंशांत, निदान ७२ तास. तुमच्या करारात जास्त लिहिलं असेल तर जास्त. शुक्रवारच्या जेवणाची तक्रार सोमवारी येते हे लक्षात ठेवा, ७२ तास तेव्हाच संपत आलेले असतात. म्हणून मी दोन पिशव्या भरायला सांगतो, एक फ्रिजमध्ये, दुसरी उणे १८ अंशांत आठवडाभर. मग दोन्ही गोठवूनच का ठेवायच्या नाहीत? कारण आपल्या या जीवाणूच्या पेशी गोठवल्यावर मोठ्या प्रमाणात मरतात. निव्वळ गोठवलेल्या नमुन्यात संख्या खोटी कमी दिसते. फ्रिजमध्येही त्या हळूहळू घटतात, म्हणून तक्रार आली की दिरंगाई नको. स्टॅफिलोकोकसचं विष मात्र गोठवल्यावरही टिकतं, त्यासाठी दुसरी पिशवी कामाची.

तक्रार आली की त्या दिवसाचे सगळे नमुने बाजूला काढायचे, ‘राखीव’ लिहायचं, उघडायचे नाहीत, चाखायचे तर मुळीच नाहीत. उरलेलं जेवण टाकायचं नाही, पातेली घासायची घाई करायची नाही. अन्न व औषध प्रशासनाला स्वतःहून कळवायचं. अधिकारी स्वतःच्या पद्धतीनं वेगळा नमुना घेतील, तुमचा नमुना त्याची जागा घेत नाही, पण गुरुवारच्या जेवणातलं त्यांना घ्यायला शुक्रवारी बहुधा काही उरलेलं नसतं. तुमची पिशवी बर्फाच्या पेटीत, न गोठवता, त्यांनी सांगितलेल्या प्रयोगशाळेत गेली पाहिजे आणि कुणी कुणाला किती वाजता दिली याची सही हवी.

दोन मर्यादा सांगतो. नमुना स्वच्छ निघाला म्हणजे तुम्ही निर्दोष ठरलात असं नाही. जीवाणू पातेल्यात सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, आणि नोरोव्हायरस एखाद्या आजारी वाढप्याच्या हातून फक्त शेवटच्या पंगतीला लागू शकतो. उलट, नमुन्यात जीवाणू सापडला म्हणजे तोच कारण, असंही नाही. उघड्या डबीत फ्रिजमध्ये शेजारच्या कच्च्या चिकनचं पाणी ठिबकलं असेल तर साल्मोनेला सापडू शकतो. नमुना, नोंद, आजाराची वेळ आणि रुग्णाचा अहवाल हे चारही एकमेकांशी जुळावे लागतात.

वहीबद्दल शेवटचं. तपासाला आलेला माणूस वही हातात घेतो तेव्हा आधी आकड्यांचा साचा बघतो. महिनाभर रोज ७५ अंश, रोज बरोबर अकरा वाजता, एकाच पेनानं, एकाच दाबानं लिहिलेलं दिसलं, की ती संध्याकाळी बसून भरलेली आहे हे त्याला कळतं. मग त्यातल्या खऱ्या नोंदींवरही त्याचा विश्वास राहत नाही. खऱ्या वहीत ७८ असतं, ८१ असतं, कुठे ६४ असतं आणि त्यापुढे ‘पुन्हा उकळले, ८६’ असं लिहिलेलं असतं. त्या दुरुस्तीच्या नोंदीला घाबरू नका. आचाऱ्यानं ६४ लिहिलं म्हणून त्याला ओरडलात, तर उद्यापासून तो ७५ लिहील. वही त्याच्या हाताशी, पातेल्याजवळ, दोरीला बांधलेल्या पेनासकट ठेवा. आणि ७२ तासांनी नमुना टाकला की तोही त्याच पानावर लिहा, कुणी टाकला, किती वाजता.