प्लेट कॅमचा तक्ता: लिफ्ट बरोबर येते, मग बेस सर्कल का चुकतं?

राम राम मंडळी! जळगाव, धुळे, भुसावळकडची डिप्लोमा-आयटीआयची मुलं कमेंटमध्ये एकच विचारतात, "दादा, तक्त्यात सगळ्यात लहान आकडा 42, मग बेस सर्कलची त्रिज्या 42च ना?" नाही रे भाऊ. आज तेवढंच बघू.

(ड्रॉइंग स्क्रीनवर)

हा तक्ता बघा. 0 अंशाला 42, 60 ला 52, 120 ला 62. मग 180 पर्यंत ड्वेल, 300 पर्यंत उतार, पुढे पुन्हा 42. लिफ्ट म्हणजे मोठ्यातून लहान वजा, 20 मिमी. झालं. तक्त्यात 0 अंशाला 42 ऐवजी 0 मिमी लिहिलं असेल तर त्यातला सगळ्यात मोठा आकडाच लिफ्ट, आणि बेस सर्कल ड्रॉइंगवर वेगळं शोधायचं.

आता खरी गोम. ड्रॉइंगवर 42 च्या मापाच्या बाणाचं टोक कुठं टेकलंय? रोलरच्या केंद्रावर! म्हणजे 42 हे कॅमच्या केंद्रापासून रोलरच्या केंद्रापर्यंतचं अंतर आहे, कॅमच्या पृष्ठभागापर्यंतचं नाही. रोलर 16 व्यासाचा, त्रिज्या 8. बेस सर्कलची त्रिज्या 42 − 8 = 34.

पटत नसेल तर तयार कॅमवर मोजा. बोअर 20 चा आहे. खालच्या ड्वेलमध्ये, 300 ते 360 अंशांत, बोअरच्या कडेपासून कॅमच्या कडेपर्यंत वर्नियर लावा. 34 − 10, म्हणजे 24 यायला हवेत. 32 आले तर कुणीतरी 42 च धरून कॅम कापलाय. लिफ्ट मात्र तरीही 20 च मिळेल, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

इथं अर्धी मुलं दुसऱ्या खड्ड्यात पडतात. "मग प्रत्येक अंशाला 8 वजा करू?" हे ड्वेलमध्येच चालतं. चढावर रोलर कॅमला केंद्ररेषेवर टेकत नाही, थोडा बाजूला टेकतो. सिंपल हार्मोनिकच्या या चढात, फॉलोअर सरळ केंद्रावर असताना, 60 अंशाला रोलर टेकतो त्या दिशेचा केंद्ररेषेशी कल 16 अंशांच्या आसपास जातो. सरळ 52 − 8 = 44 ठेवलंत तर 60 अंशाच्या रेषेवर सुमारे 0.4 मिमी धातू जास्त राहतो. डायल गेज लावून कॅम फिरवलात की 0 आणि 120 ला आकडे बरोबर दिसतात, मधे मात्र फॉलोअर जास्त उचललेला. हे दिसलं की समजा, वजाबाकी सरळ रेषेत झालीय.

मिलिंगवर सोपा उपाय आहे. 16 चाच एंड मिल घ्या आणि कटरचं केंद्र तक्त्यातल्या 42, 52, 62 वरूनच न्या. मधले अंश पुरेसे जवळ घ्या. कटर रोलरच्या जागी फिरतो, त्यामुळे वजाबाकी करायचीच नाही. फक्त कटर धार लावून 15.7 चा झालेला नाही ना, आधी मायक्रोमीटरने बघा. तसा असेल तर बेस सर्कलची त्रिज्या 34.15 होते आणि फॉलोअर ड्वेललाही 0.15 वर बसतो.