काटकोनात पट्टी का सुटते?

काळ्या पट्टीच्या मागे जाणारा हा रोबोट सरळ रेषेवर झकास धावतो. वळण आलं की मात्र थेट पुढे निघून जातो.

पुढच्या पाच सेन्सरकडे नीट बघा. पांढऱ्यावर प्रत्येकाचं वाचन 0 च्या आसपास, काळ्या पट्टीवर 1000 च्या आसपास. डावीकडून त्यांना 0, 1000, 2000, 3000, 4000 अशी स्थानं दिली आहेत. वाचनांनुसार या स्थानांची सरासरी काढली की पट्टी कुठे आहे ते कळतं. 2000 आलं, म्हणजे पट्टी बरोबर मध्ये.

आता उजवीकडचा काटकोन येतो. मधला आणि उजवीकडचे दोन, असे तीन सेन्सर एकदम काळ्यावर. सरासरी 3000, म्हणजे चूक फक्त 1000. इतकं मोठं वळण, आणि गणिताला ते साधं वाकण वाटतं! पुढच्याच क्षणी पाचही सेन्सर पांढऱ्यावर येतात. बेरीज शून्य, भागाकारच होत नाही.

म्हणून शेवटी कोणत्या कडेचा सेन्सर काळ्यावर होता त्याची आठवण `side` मध्ये ठेवायची. `s[0]` ते `s[4]` ही डावीकडून पाच वाचनं, `sum` ही त्यांची बेरीज.

```
if (s[4] > 700 && s[0] < 300) side = 1;
if (s[0] > 700 && s[4] < 300) side = -1;
if (sum < 300) error = side * 2000;
```

चुकीला गुणणारा आकडा `Kp` 0.1 धरला, तर 2000 चुकीला दुरुस्ती 200. मूळ वेग 120 असेल, तर डावं चाक 320 वर जातं, ते 255 या कमाल वेगाला अडवायचं. उजवं येतं उणे 80. ते शून्यावर अडवू नका, उलटं फिरू द्या. रोबोट जागच्या जागी वळतो तो त्यामुळेच.

आकडे मात्र आधी सरळ रेषेवरच ठरवायचे. `Kp` वाढवत न्या. रोबोट दोन्ही बाजूंना झोके घेऊ लागला की थांबा, आणि झोके विरेपर्यंत चुकीतल्या बदलाला गुणणारा `Kd` वाढवा. साठत गेलेल्या चुकीला गुणणारा `Ki` शून्यच ठेवलेला बरा, कारण वळणावर साठलेली चूक वळण संपल्यावरही रोबोटला ढकलत राहते.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. 19 मिलिमीटरची टेप सेकंदाला एक मीटर वेगाने 19 मिलिसेकंदांत ओलांडली जाते. 9600 बॉडवर `Serial.print` ने वीस अक्षरं पाठवायला जवळपास 21 मिलिसेकंद लागतात. म्हणजे आपण आकडे बघत असतानाच वळण निघून गेलेलं असतं. शिवाय छपाई काढली की लूप वेगवान होतो, आणि दर फेरीतल्या फरकावर चालणारा `Kd` पुन्हा लावावा लागतो.

तुटलेल्या पट्टीचं काय? तिथे वळायचं नसतं. मधला सेन्सर काळ्यावर, कडेचे दोन्ही पांढऱ्यावर, असं सुमारे 50 मिलिसेकंद टिकलं, की `side` पुन्हा 0 करायचा. मग पट्टी तुटली तरी चूक शून्य राहते आणि रोबोट सरळ जातो. पण वळणानंतर लगेच पट्टी तुटलेली असेल, तर हे 50 मिलिसेकंद भरतच नाहीत. अशा ट्रॅकवर तिथला वेगच कमी करावा लागतो.