टाचणाचा उजवा रकाना

मुख्याध्यापक सर, आमच्या मार्गदर्शक मॅडम, आणि माझ्यासारखेच टाचणं लिहून बोटं दुखलेले मित्रमैत्रिणींनो,

विषय ठरलाय 'पाठ नियोजनाने काय शिकवलं'. तिकडे वळतेच, पण आधी प्रस्तावनेवर थोडं बोलू द्या, नाहीतर पोटात दुखेल.

प्रस्तावनेच्या शेवटच्या प्रश्नाला पाठाचं नाव मुलांच्याच तोंडून यायला हवं, अशी आपली रीत. आमच्या गटातल्या एकीचा पाठ मृदेवर होता. तिने विचारलं, "तुमच्या शेतात काय पिकतं?" वर्ग म्हणाला, "कापूस!" "कोणत्या मातीत?" "काळ्या!" इथवर सगळं टाचणाबरहुकूम. मग, "तर आज आपण कशाचा अभ्यास करणार?" टाचणात 'मृदा' लिहिलेलं, वर्ग एकमुखाने ओरडला, "कापूस!" आणि मागून एक जण, "मॅडम, कापसाना भाव सांगा ना!" (हसू नका, भाव कोणालाच सांगता आला नाही.)

दोष तिचा नाही. टाचणात डावीकडे शिक्षक कृती, उजवीकडे विद्यार्थी कृती. उजव्या रकान्यातला विद्यार्थी आपणच घरी बसून लिहितो, म्हणून तो कधी चुकत नाही. मी तिथे चुकीची उत्तरं लिहायला लागले, आणि टाचण खरं तिथून सुरू झालं.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं उरलीत. उदाहरण एकच देते. सहावी, दशांश अपूर्णांक. ०.५ मोठा की ०.३५? बरीच मुलं म्हणतात ०.३५, कारण "पस्तीस मोठा शे". हे मी आधीच लिहून ठेवलं होतं. पण काही मुलं ०.५ म्हणतात ती शतांश दशांशापेक्षा लहान म्हणून. म्हणजे त्यांच्या मते दशांश चिन्हापुढे अंक कमी तर संख्या मोठी. उत्तर बरोबर, विचार चुकीचा, आणि फळ्यापाशी उभं राहून तो दिसत नाही. म्हणून दुसरी जोडी हवी: ०.४ आणि ०.६२. इथे पस्तीसवाले बरोबर येतात, अन् दुसरे ०.४ म्हणून सापडतात. दोन्ही जोड्या विचारल्या की कोण कुठे अडकलंय ते कळतं.

साधनही त्यावरून ठरतं. आधी मी रुपये-पैसे घेणार होते, पण ३.५ रुपये म्हटलं की मुलं तीन रुपये पाच पैसे वाचतात, गैरसमज उलट पक्का. म्हणून दहा बाय दहाचा चौकटींचा कागद घेतला. ०.५ म्हणजे पाच पूर्ण पट्ट्या, पन्नास चौकटी. ०.३५ म्हणजे तीन पट्ट्या आणि वर पाच चौकटी. रंगवून झालं की मुलं स्वतःच बोटाने मोजतात.

०.५ आणि ०.५० सारखे कसे, हेही त्याच कागदावर करायचं होतं, पण पस्तीस मिनिटांच्या तासात ते कधीच बसलं नाही. ते आता पुढच्या तासाच्या टाचणात पहिल्या ओळीला आहे. घंटा झाली, थांबते.